शुक्रवारच्या श्रुतलेखनाचं काय करायचं?

‘मी तिसरीला शिकवते. वर्गात अडतीस मुलं आहेत. दर शुक्रवारी वीस शब्दांचं श्रुतलेखन घेते. पाच-सहा मुलांना दर वेळी पैकीच्या पैकी मिळतात आणि आठ-दहा जणांची गाडी सहाच्या पुढे सरकत नाही. एका मुलीच्या पोटात तर शुक्रवारी सकाळीच दुखायला लागतं. मध्यंतरी मेहनतीबद्दल म्हणून सगळ्यांनाच तारे दिले, तर हुशार मुलं विचारायला लागली, “बाई, त्याचे एवढे चुकले तरी त्याला तारा का?” मला उत्तर देता आलं नाही. चाचणी बंदच करावी असं वाटतं, पण मग कोण कुठवर आलंय ते कळणार कसं? मुलं घाबरणार नाहीत, मेहनत दिसेल आणि प्रगतीही दिसेल, अशी चाचणी कशी बांधायची?’

— एक वर्गशिक्षिका

चाचणी बंद करू नका. तीन बदल करा. शब्द वीसवरून दहावर आणा, तेच शब्द आठवड्यातून दोनदा घाला, आणि मोजायचं ते शब्द नव्हे, अक्षरं. ताऱ्यांचं नंतर बघू.

अक्षरं मोजायची म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. ‘बहीण’ या शब्दात तीन अक्षरं आहेत: ब, ही, ण. मुलानं ‘बहिण’ लिहिलं तर तुमच्या आत्ताच्या पद्धतीत त्याला शून्य. ‘भिन’ लिहिणाऱ्यालाही शून्य. या दोघांमध्ये निदान काही आठवड्यांचं अंतर आहे, पण वहीत दोघांच्या पुढे सारखीच फुली. अक्षरं मोजली तर पहिल्याला तीनपैकी दोन मिळतात आणि दुसऱ्याला एकही नाही. जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचं. ‘सूर्य’ची दोन अक्षरं. एका अक्षरात दोन चुका असल्या तरी एकच गुण जातो. नको ते अक्षर मध्येच घातलं तर एक कमी करा. एवढेच नियम पुरे, आणि तिसरीतली मुलं दोन आठवड्यांत स्वतःची अक्षरं स्वतः मोजायला शिकतात.

आता दहा शब्द कोणते घ्यायचे? पाठ्यपुस्तकातल्या धड्याखालचे कठीण शब्द उचलू नका. त्या यादीत एक शब्द रफाराचा, एक ऱ्हस्व-दीर्घाचा, एक ‘ष’चा असतो आणि त्यांच्यात धागा नसतो, त्यामुळे मुलाला पाठ करण्यावाचून दुसरा मार्गच उरत नाही. माझी विभागणी अशी: सहा शब्द एकाच धाग्यातले नवे, दोन शब्द मागच्या आठवड्यांतले जुने, आणि दोन त्या मुलाचे स्वतःचे, म्हणजे त्याच्याच वहीत चुकलेले. हे शेवटचे दोन प्रत्येकाचे वेगळे असतात. ते चिठ्ठीवर लिहून शेजारच्या मुलाच्या हाती द्यायचे आणि जोडीजोडीनं एकमेकांना सांगायचे. अडतीस मुलं एकदम बोलतात, थोडा गोंगाट होतो, होऊ द्या. चिठ्ठीवर शब्द बरोबर लिहिलाय ना, एवढं मात्र आधी बघा. चुकीची चिठ्ठी फार महागात पडते.

धाग्याचं उदाहरण घेऊ. फूल, फुले, वीट, विटा, बहीण, बहिणी. मुलांना सांगायचा नियम इतकाच: शब्दाचं शेवटचं अक्षर बघा. त्याला काना, मात्रा, वेलांटी, उकार असं काहीच लागलेलं नसेल, तर त्याच्या आधीच्या अक्षरावर दुसरी वेलांटी किंवा दुसरा उकार. शेवटच्या अक्षराला काही लागलं, की आधीची वेलांटी पहिली होते आणि उकारही पहिला. चूल, पण चुली. मूल, पण मुले. ‘गुण’, ‘विष’ असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमात बसत नाहीत. ते पहिल्या दोन-तीन याद्यांत येऊच देऊ नका. नियम अंगवळणी पडला की अपवादांची वेगळी यादी करा, मुलांना त्याची गंमतच वाटते. ‘फुले’ऐवजी कुणी ‘फुलं’ लिहिलं तर? बरोबर धरा. आपल्याला ‘फु’ तपासायचा आहे.

हे सहा शब्द जोड्यांनी का घेतले, ते माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीवरून दिसेल. सोमवारी मी काहीही न शिकवता हे सहा शब्द घातले. तिनं लिहिलं: फुल, फुले, विट, विटा, बहिन, बहिनी. सहापैकी दोनच शब्द बरोबर. अक्षरं मोजली तर चौदापैकी नऊ. आठवडाभर काम झालं आणि शुक्रवारी तिनं लिहिलं: फुल, फुले, विट, विटा, बहिण, बहिणी. तीन शब्द बरोबर, अक्षरं चौदापैकी अकरा. शब्द मोजणाऱ्या बाईंनी ‘सहापैकी तीन, अजून सराव हवा’ असं लिहून वही मिटली असती. पण नीट बघा, या मुलीचा ‘ण’ आला. सोमवारी नव्हता, शुक्रवारी दोन्हीकडे आहे.

दुसरीही एक गोष्ट दिसते आणि ती जास्त महत्त्वाची आहे. फुले, विटा, बहिणी या शब्दांत तिचा ऱ्हस्व बरोबर आला तो नियम कळला म्हणून आलेला नाही. ती शेवटून दुसऱ्या अक्षराला सरसकट ऱ्हस्वच लावते. निम्म्या वेळा ते आपोआप बरोबर पडतं. फक्त फूल, वीट, बहीण असे तीन शब्द घातले असते, तर तिला काहीच येत नाही असं वाटलं असतं. फक्त फुले, विटा, बहिणी घातले असते, तर सगळं येतं असं वाटलं असतं. जोडी घातली म्हणून खरं काय ते कळलं.

अर्ध्याअधिक वर्गाचं असंच होतं, म्हणून पुढच्या आठवड्यात तेच सहा शब्द ठेवले. त्या शुक्रवारी तिनं लिहिलं: फूल, फूले, वीट, वीटा, बहीण, बहीणी. मोजा. पुन्हा चौदापैकी अकरा, पुन्हा तीनच शब्द बरोबर. आकडा जागचा हलला नाही, आणि तरीही त्या पंधरा दिवसांतली सगळ्यात मोठी उडी तिनं याच आठवड्यात मारली होती. शेवटून दुसऱ्या अक्षरावर दीर्घही असतो हे तिला कळलं आणि तिनं तो सगळीकडे लावून टाकला. मुलं नियम शिकतात ती अशीच. आधी नियम नसतो, मग तो नको तिथेही लागतो, मग जागेवर बसतो. तिसऱ्या आठवड्यात हेच सहा शब्द मी पुन्हा एकदा विचारले तेव्हा चौदापैकी चौदा आले.

म्हणून मी म्हणते की आकड्याच्या शेजारी एक वाक्य असलंच पाहिजे. तिच्या वहीत पहिल्या शुक्रवारी मी लिहिलं होतं, ‘सोमवारी बहिन, आज बहिण. ण आला! आता ह कडे बघ.’ दुसऱ्या शुक्रवारी लिहिलं, ‘दुसरा उकार सापडला. तो कधी लावायचा नाही, ते आता शोधू.’ ‘छान’, ‘शाब्बास’, ‘प्रयत्न कर’ यांतून मुलाला काहीच कळत नाही. काय जमलं त्या अक्षराचं नाव घ्या आणि पुढचं एकच अक्षर दाखवा. अडतीस वह्यांत दर आठवड्याला हे लिहिणं शक्य नाही, मला माहीत आहे. दर शुक्रवारी आठ वह्या घ्या. पाच आठवड्यांत सगळा वर्ग फिरून होतो. ज्या आठवड्यात आकडा हलला नाही त्या मुलांना त्या आठात आधी घ्या.

आता आठवडा कसा चालतो ते सांगते. सोमवारी नवे सहा शब्द, न शिकवता, न सांगता. याला ‘चाचणी’ म्हणूच नका, माझ्या वर्गात त्याला ‘बघूया’ म्हणायचे. सोमवारच्या कागदाचा आकडा कुणाला सांगायचा नसतो, वहीच्या उजव्या कोपऱ्यात लहानसा लिहून ठेवायचा. मंगळवार ते गुरुवार रोज दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत शब्द दहादहा वेळा लिहायला लावू नका. मुलं काय करतात ते मी पाहिलंय: आधी वरपासून खालपर्यंत दहा वेळा ‘ब’, मग शेजारी दहा वेळा ‘हि’, मग दहा ‘ण’. ‘बहीण’ हा शब्द त्या पोरानं एकदाही लिहिलेला नसतो, आणि चूक असेल तर ती दहा वेळा पक्की होते. त्याऐवजी शब्द पाहायचा, हातानं झाकायचा, आठवून लिहायचा, हात काढून अक्षर अक्षर ताडायचा. एका शब्दाला एका दिवसात दोनदा एवढं केलं तरी पुरे. आठवून लिहिण्यात जो ताण पडतो, शिकणं तिथेच होतं. पाहून उतरवताना तो ताणच नसतो.

शुक्रवारी पूर्ण दहा शब्द. सांगायची रीत अशी: आधी शब्द, मग तो शब्द असलेलं लहान वाक्य, मग पुन्हा शब्द. ‘वीट. भिंतीतली एक वीट निखळली. वीट.’ मग मनात पंधरापर्यंत मोजायचं आणि पुढे जायचं. उच्चार रोजच्यासारखा ठेवा. आपण बायका प्रेमापोटी ‘वीऽऽट’ असं लांबवतो आणि उत्तर सांगून मोकळ्या होतो. मग निबंध लिहिताना कानात कुणी लांबवणारं नसतं आणि ‘विट’च होते. दहा शब्द झाले की दोन मिनिटं गप्प बसायचं. त्या दोन मिनिटांत मुलांनी आपला कागद पुन्हा वाचायचा आणि ज्या अक्षराबद्दल शंका आहे त्याच्याखाली पेन्सिलीनं एक टिंब द्यायचं. खोडायचं नाही, फक्त टिंब.

मग तपासणी, आणि ती मुलांनीच आपापल्या कागदावर करायची, लगेच, त्याच तासाला. थॉमस हॉर्न नावाच्या अमेरिकी संशोधकानं १९४७ मध्ये इंग्रजी स्पेलिंगच्या बाबतीत हे तपासलं होतं. चाचणी झाल्या झाल्या मुलानं आपला कागद स्वतः दुरुस्त करणं, हाच शिकण्यातला सगळ्यात मोठा वाटा निघाला. लिपी वेगळी असली तरी माझा अनुभव तोच आहे. तुम्ही वह्या घरी नेऊन सोमवारी लाल फुल्यांसह परत देता, तोवर मुलाला आपण ‘वि’ का लिहिला होता हेही आठवत नाही. फळ्यावर एकेक शब्द लिहा. मुलांनी रंगीत पेन्सिल हातात घेऊन अक्षर अक्षर ताडायचं, चुकलेल्या अक्षराभोवती गोल करायचा, शेजारी पूर्ण शब्द एकदा नीट लिहायचा आणि शेवटी बरोबर अक्षरं मोजायची. शेजाऱ्याशी वह्या बदलून तपासायला लावू नका. तुमच्या त्या मुलीचं पोट दुखण्याचं निम्मं कारण कदाचित तेच असेल, की तिचा कागद दुसऱ्या कुणाच्या हातात जातो. मुलं स्वतः तपासताना लबाडी करतील, असं तुमच्या मनात येईल. काही करतील, विशेषतः पहिले काही आठवडे. चाचणी पेननं आणि दुरुस्ती रंगीत पेन्सिलीनं, एवढं पाळलं तर ती लगेच दिसते. पण आकडा मोठ्यानं वाचला जात नाही आणि फळ्यावरही लागत नाही हे मुलांना एकदा पटलं, की लबाडीत काही कमाई उरत नाही आणि ती आपोआप थांबते.

आता तारे. ‘त्याला तारा का?’ हा प्रश्न विचारणारी मुलं भांडखोर नव्हती, बरोबर होती. तुम्ही मेहनतीला तारा दिलात, पण मेहनत कुणाला दिसली होती? घरी किती वेळ बसला यावर तारा द्यावा, तर तो बहुतेक वेळा आईवडिलांना दिलेला तारा ठरतो. शाळेत, त्या पाऊण तासात जे डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजा. मी तीन गोष्टी बघते. शब्द येत नसला तरी जागा कोरी सोडली का, की दोन अक्षरं तरी लिहिली? शंकेचं टिंब योग्य ठिकाणी पडलं का? तपासताना स्वतःची चूक स्वतः सापडली का? यातलं टिंब मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ‘बहिण’ लिहून ‘हि’ खाली टिंब देणारं मूल आणि टिंब न देता पुढे जाणारं मूल, दोघांचं अक्षर सारखंच चुकलंय. पहिल्याला मात्र आपली चूक कुठे असू शकते हे कळतं, आणि लिहिणाऱ्याला पुढे आयुष्यभर तेच लागतं. हुशार मुलांनाही हे टिंब सहज जमत नाही. त्यांना शंकाच येत नाही. त्यामुळे ‘बाई, त्याला का?’ला आता उत्तर आहे: ‘त्यानं तीन शंका काढल्या, तिन्ही खऱ्या निघाल्या. तुझी एक चूक होती, तिच्याखाली टिंब नव्हतं.’

पण यासाठीही तारे देऊ नका, असंच मी म्हणेन. त्याच वाक्यात लिहा. रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ मधला एक अभ्यास आहे. पाचवी-सहावीतल्या काही मुलांना फक्त शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं काम सुधारलं आणि गोडीही टिकली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मुलं मात्र फक्त गुणवाल्यांसारखीच राहिली. का, ते कुठल्याही वर्गात दिसतं. मूल आकडा बघतं, शेजाऱ्याचा बघतं, आणि शेरा वाचायचा राहून जातो. म्हणून ज्या आठ वह्यांत वाक्य लिहाल, त्यांत त्या दिवशी वर ठळक आकडा लिहू नका. आकडा मुलानं मोजलेलाच आहे, त्याच्या कोपऱ्यात.

आणि एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका. सोमवार ते शुक्रवार जितकी अक्षरं वाढली तितके मणी बरणीत टाकायचे, असा खेळ मी एका वर्षी काढला. कल्पनेवर मी फार खूश होते. तिसऱ्या सोमवारी माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलानं ‘कमळ’ हा शब्द ‘खमल’ असा लिहिला आणि माझ्याकडे बघून हसला. सोमवारी जितकं बुडवावं तितकी शुक्रवारी कमाई, हे गणित त्यानं माझ्या आधी सोडवलं होतं. फरक मोजावा, मुलाला दाखवावाही, पण त्यावर बक्षीस लावू नये.

प्रगती दाखवायच्या बाबतीत एक खोच आहे. आठवड्याचे गुण ओळीनं मांडले की प्रगतीचा आलेख होतो असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. या आठवड्याचे शब्द सोपे होते, पुढच्या आठवड्यात जोडाक्षरं आली. वीसपैकी सोळावर असलेलं मूल बारावर आलं तर ते मागे पडलं की शब्द पुढे गेले, हे त्या आकड्यांवरून सांगताच येत नाही. दर वेळी वेगळ्या फूटपट्टीनं उंची मोजून मूल वाढलं का ते बघण्यासारखं आहे ते. एकाच आठवड्यातले सोमवार आणि शुक्रवार तेवढे एकमेकांशी ताडता येतात, कारण शब्द तेच असतात.

वर्षभराची वाढ बघायला एक कायमची फूटपट्टी करून ठेवा. वीस शब्दांची एकच यादी: थोडे साधे काना-मात्रेचे, थोडे ऱ्हस्व-दीर्घाचे, ‘ळ’ आणि ‘ण’चे, अनुस्वाराचे, रफाराचे आणि रकाराचे, दोन-तीन जोडाक्षरांचे. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात ती न सांगता घाला. कागद गोळा करा, अक्षरं मोजा आणि कपाटात ठेवा. दुरुस्त करून घेऊ नका, शब्द फळ्यावर लिहू नका, आठवड्याच्या यादीत त्यांतला एकही येऊ देऊ नका, नाहीतर फूटपट्टीच बिघडली. वर्षाच्या मध्यावर एकदा आणि शेवटी एकदा, तीच यादी. मग दोन कागद मुलाच्या पुढे शेजारी शेजारी ठेवा आणि काहीही बोलू नका. ‘बाई, मी असं लिहायचो?’ हे वाक्य ऐकायला मिळतं.

पालकांनाही आठवड्याचा आकडा नका पाठवू, महिन्यातून एकदा एक चिठ्ठी पाठवा. तिच्यात सोमवार-शुक्रवारच्या चार जोड्या आणि एक वाक्य. ‘चौदापैकी अकरा म्हणजे किती टक्के?’ असं कुणीतरी विचारेलच. उत्तर देऊ नका, सोमवारचा नऊ दाखवा.

सगळ्यांना एकच यादी चालत नाही, हे तुमच्या पाच-सहा आणि आठ-दहा मुलांवरून उघड आहे. सोमवारच्या कागदावरच ठरवा. जो सोमवारीच सहाही शब्द बरोबर लिहितो, त्यानं त्या सहाऐवजी आपल्या वाचनातून चार शब्द निवडायचे, ज्यांबद्दल त्याला स्वतःला खात्री नाही असे. या मुलांना तुम्ही आजवर दर शुक्रवारी जे येतं तेच लिहायला लावलंय आणि त्यांनी एकही नवा शब्द शिकलेला नाही, हे जरा कठोर वाटेल, पण तसं आहे. ज्याची सोमवारी निम्म्याहून कमी अक्षरं बरोबर आली, त्याला सहाऐवजी एकच जोडी आणि तिच्यासोबत एक जुना शब्द. फूल, फुले, पंख. तीन शब्द लिहून तोही सगळ्यांबरोबरच तपासतो. उरलेल्या वेळात तो काय करतो, हे बाकीच्यांना कळत नाही, कारण कागद कुणी कुणाचा बघत नाही.

काही मुलांचा मात्र काना-मात्राच अजून बसलेला नसतो. ती ‘फूल’चं ‘फल’ लिहितात, अक्षरं गाळतात, मागेपुढे करतात. त्यांना ऱ्हस्व-दीर्घाची यादी देणं म्हणजे पाया नसताना कौलं चढवणं. त्यांच्याकडून रोज पाच ओळी मोठ्यानं वाचून घ्या आणि बाराखडीतली जी खूण गळते तेवढ्याच एका खुणेचे शब्द द्या. असं दोन-तीन महिने नेटानं करूनही लिहिणं आणि वाचणं दोन्ही जागचं हलत नसेल, तर पालकांशी बोलून विशेष शिक्षकांकडून तपासून घ्यायला सांगा. चाचणी आणखी सौम्य करून तो प्रश्न सुटत नाही.

ही चाचणी कितपत खरं बोलते, हे महिन्यातून एकदा ताडून बघा. मुलांनी स्वतःच्या मनानं लिहिलेल्या पाच ओळी घ्या, गोष्ट असो वा सुट्टीचं वर्णन, आणि त्यांत त्या महिन्याच्या धाग्यातले शब्द शोधा. शुक्रवारी चौदापैकी चौदा आणि गोष्टीत पुन्हा ‘विट’ असं असेल, तर तो शब्द शुक्रवारपुरता पाठ होता. त्याला जुन्या शब्दांच्या दोन जागांपैकी एक द्या. पुढच्या आठवड्यात, मग तीन आठवड्यांनी, मग दोन महिन्यांनी पुन्हा येऊ द्या.

आणि पोट दुखणाऱ्या मुलीबद्दल. तिला हे सगळं समजावून सांगत बसू नका, भीती समजावून जात नाही. येत्या शुक्रवारी तिला तीनच शब्द द्या, त्यातला एक तिला नक्की येणारा. लिहून झाल्यावर जाऊन विचारा, ‘टिंब कुठे दिलंस?’ किती बरोबर आले ते विचारू नका. ती बोट ठेवून दाखवेल. तिथे खरंच चूक असेल तर तसं सांगा, नसेल तर ‘इथे तुला का शंका आली?’ असं विचारा आणि ती काय सांगते ते शेवटपर्यंत ऐका. मग पुढच्या बाकाकडे जा.